बाहीवरची जाळी

भावाला जाऊन बावीस दिवस झाले होते, तरी तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. माणसं आली, पाठीवरून हात फिरवून गेली, तिने सगळ्यांना चहा विचारला. तेविसाव्या दिवशी ती फोटो स्टुडिओत कामावर हजर. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि मग गालाला हात लावला तर तो दुसऱ्याचाच गाल वाटतो ना, तसं तिचं सगळं अंग झालं होतं.

मालक म्हणाले, "ताई, अजून चार दिवस घरी थांबला असतात तरी चाललं असतं."

"घरी काय करू?" ती म्हणाली आणि स्कॅनरची काच पुसायला लागली.

अकराच्या सुमाराला आई आली. हातात पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये धरलेलं मासिकाचं एक पान. धाकट्या भावाला फोटोचं भारी वावडं होतं. मोबाइल पुढे केला की हात आडवा, लग्नाच्या घोळक्यात हा कायम पाठमोरा. शाळेनंतरचा त्याचा धड एक फोटो घरात नव्हता. पण तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि अशा जुन्या धंद्यांवर कुठल्याशा मासिकाने लिहिलं, तेव्हा एकदाच कसा कोण जाणे उभा राहिला. दुकानाच्या काउंटरमागे कमरेपर्यंतचा, काळापांढरा, पानभर. मासिक पुढे बंद पडलं आणि फोटो काढणाऱ्याचा ठावठिकाणा लागेना. राहिलं ते हे पान.

"भिंतीवर लावण्याजोगा कर," आई म्हणाली. "मला तो ओळखू आला पाहिजे, बाकी काही नको."

ती आणि भाऊ शेवटचे चौदा महिने बोलत नव्हते. तिनेच त्याला म्हटलं होतं, हे घड्याळांचं खूळ पुरे, सरळ नोकरी धर. तो म्हणाला, तुला विचारलंय कुणी? बस, एवढ्यावरून. मासिक आलं तेव्हा आईने तिच्यासमोर धरलं होतं आणि तिने बघितलंही नव्हतं. अशी मुरगळायला हवी होती तिची हटवादी मान, पण तेव्हा कुणी मुरगळली नाही.

पहिला स्कॅन तिने नुसता अंदाज घ्यायला केला, इंचाला तीनशे ठिपक्यांवर. पडद्यावर भावाचा चेहरा आला आणि त्याच्या गालांवर, कपाळावर चौकटी-चौकटींची जाळी पसरलेली.

"हे काय गं? पान खराब झालंय का?" आई घाबरली.

"पान ठीक आहे, आई. छापलेला फोटो म्हणजे नुसते ठिपके. स्कॅनरही ठिपक्याठिपक्यांनीच बघतो. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की मध्येच नक्षी दिसते, तसं आहे हे. खऱ्या फोटोत ती नसते. काढता येते."

हे ती गिऱ्हाइकांना अकरा वर्षं सांगत आली होती. त्याच आवाजात तिने ते आईला सांगितलं.

मग नेहमीचं काम. मागची छपाई पुढे दिसू नये म्हणून पानाच्या पाठीला काळा कागद. स्कॅन बाराशेवर, म्हणजे ठिपका न् ठिपका सुटा दिसतो. मग ठिपके एकमेकांत विरघळतील इतकंच चित्र धूसर करायचं, जास्त नाही, नाहीतर पापण्याही जातात. मग आकार लहान करायचा आणि शेवटी कडांना जराशी धार. चेहरा हळूहळू मोकळा झाला. डाव्या भुवईतला तुटका भाग आला, हनुवटीवरची खळी आली. तिने ते सगळं नीट तपासलं, आणि तिला काहीही वाटलं नाही. भुवई तपासली, इतकंच.

बाही तेवढी राहिली. उजव्या बाहीवर उभ्या रेघा होत्या आणि कोपरापाशी त्या एकदम बाजूला सरकून पुढे गेल्या होत्या. जाळीचा उरलेला पट्टा, दुसरं काय! तिने बाही वेगळी निवडली, धूसरपणा दुप्पट केला, उरलेलं ब्रशने सारवून टाकलं. बाही गुळगुळीत करडी झाली. ठिपके बघून बघून डोळ्यांना सगळीकडे ठिपकेच दिसायला लागले की असं होतं.

"झालं, बघ."

आईने चष्मा पुसून बघितलं. बराच वेळ. "चेहरा त्याचाच आहे गं. पण अंगात हे काय घातलंय त्याने?"

"स्वेटर असेल."

"असेल काय? तू विणलेला ना तो? त्याच्या बाहीवरच्या पट्ट्या कुठे गेल्या?"

तिने आयुष्यात एकच स्वेटर विणला होता. दोन सुलट, दोन उलट, आणि बाहीला कोपरापाशी टाके मोजायला चुकली, तिथून सगळ्या पट्ट्या शेजारी सरकल्या. तो बघून भाऊ म्हणाला होता, "माझा हात मोडलाय असं वाटेल लोकांना." खुर्चीच्या पाठीवर टाकून निघून गेला होता. तिने मनाशी ठरवलं होतं, दिला असणार कुणाला तरी.

"नाही आई, ती जाळीच होती," ती म्हणाली. पण तिची खात्री राहिली नव्हती आणि ती करून घ्यायचा रस्ता तिला ठाऊक होता. जाळी स्कॅनरने पाडलेली असते. पान काचेवर फिरवलं की जाळीही फिरते, बदलते. कापडावरची वीण कापडाबरोबरच राहते.

तिने पान काचेवर तिरकं ठेवलं आणि पुन्हा तीनशेवर, मुद्दाम जाळी पडेल असा, स्कॅन केला. मग पडद्यावर चित्र सरळ करून पहिल्या स्कॅनच्या शेजारी लावलं. गालांवरच्या चौकटी पार बदलल्या होत्या, बारीक झाल्या होत्या. बाहीवरच्या रेघा जागच्या हलल्या नव्हत्या. कोपरापाशी एक पाऊल बाजूला, तशाच.

पानाच्या तळाशी मासिकाचा महिना छापलेला होता. तिने बोटांवर मोजलं. भांडणानंतरचा सहावा.

"फोटोसाठी मुद्दाम घातला असेल," ती म्हणाली.

"फोटोसाठी कशाला? थंडी पडली की रोजच घालायचा. दुकानात गारठा असतो म्हणायचा." आईने चष्मा काढला. "तुला सांगू नकोस म्हणाला होता. म्हणाला, शिंगं फुटतील तिला."

तिला राग आला. बावीस दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि ते हे आलं. अरे, तुला सांगायला काय झालं होतं? फुटली असती शिंगं तर फुटली असती. मी आले असते दुकानात, शिंगांसकट आले असते. हा राग कुणावर काढायचा, हे तिला समजेना.

सारवलेलं चित्र तिने पुसून टाकलं. बाराशेचा मूळ स्कॅन पुन्हा उघडला आणि या वेळी बाहीला ब्रश लावलाच नाही. ठिपके विरले, पट्ट्या राहिल्या.

"आता चेहरा मोठा कर," आई म्हणाली. "मानेपर्यंत घे. लांबून दिसला पाहिजे."

तिने चौकट मानेशी आणली. मग खाली ओढली, छातीपर्यंत, कोपरापर्यंत, आणि कोपराच्याही खाली.

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "चेहरा लहान राहिला तर चालेल का गं तुला?"