ग्लिसरॉलचा एक मार्क

तिला क्लासमध्ये सगळे ‘तोफ’ म्हणायचे. प्रश्न विचारायचा अवकाश, हिचा आवाज आधी. स्टार्चचं पचन कुठे सुरू होतं? तोंडात! प्रथिनांचं? जठरात, पेप्सिनमुळे! पित्तरसाचं काम? चरबीचे बारीक थेंब करणं! शेजारी बसणारी मैत्रीण ससुली कानावर हात ठेवून म्हणायची, “अगं, हळू. माझं जठर हललं.”

आहारशास्त्राच्या सरकारी कॉलेजात जागा मोजक्याच. प्रवेश परीक्षेत लागली नाही, तर घराजवळच्या कॉलेजात मिळेल ते शिकायचं, असं बाबांनी स्वच्छ सांगितलं होतं. तोफेला चिंता नव्हती. तिला विषय येत होता, आणि येतो हेही तिला ठाऊक होतं.

मग ग्लिसरॉल आडवं आलं.

सराव पेपरात प्रश्न होता : उपाशीपोटी चरबीच्या कोणत्या भागापासून शरीर ग्लुकोज बनवतं? पर्याय : मेदाम्लं, ग्लिसरॉल, कोलेस्टेरॉल, यांपैकी काहीही नाही. तोफेने ग्लिसरॉल लिहिलं. सरांनी त्यावर लाल फुली मारली.

“सर, बरोबर आहे माझं.”

“चरबीची साखर होत नाही,” सर म्हणाले. हे वाक्य ते वर्गाकडून कवितेसारखं म्हणवून घ्यायचे. “काय होत नाही?”

“साखर!” वर्ग ओरडला.

“मेदाम्लांची होत नाही सर, पण ग्लिसरॉल—”

“आता पुस्तकं बाईसाहेब लिहिणार!” वर्ग खिदळला. “हे बघ, दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न आला होता. उत्तर ‘काहीही नाही’. तुला खरं शोधायचंय की जागा हवीय? परीक्षकाला हवं ते लिहायचं.”

घरी जाताना ससुली म्हणाली, “मला तरी नीट सांग बाई. मला दोन्ही पटतं.”

तोफ बसस्टॉपवरच सुरू झाली. “चरबीचा रेणू म्हणजे एक माणूस आणि त्याच्या पाठीवर तीन लांब पोती. माणूस म्हणजे ग्लिसरॉल, पोती म्हणजे मेदाम्लं. उपाशी राहिलं की पोती उतरतात. माणूस रक्तातून यकृतात जातो, तिथे त्याचं ग्लुकोज होतं. पोती फोडली की मिळतात छोटे तुकडे, अ‍ॅसिटिल-कोए. ग्लुकोजपासून तिथवर येता येतं, मागे फिरता येत नाही. एकेरी रस्ता! म्हणून पोत्यांचं ग्लुकोज नाही. यकृत जास्तीच्या अ‍ॅसिटिल-कोएचे कीटोन बनवतं, ते मेंदू इंधन म्हणून वापरतो.”

“माणूस जातो, पोती राहतात,” ससुली पुटपुटली. “आता मेले तरी विसरणार नाही.”

परीक्षेत तोच प्रश्न आला. पर्यायही तेच.

तोफेच्या पेन्सिलीने ग्लिसरॉलचा गोल अर्धा भरला. मग हात थांबला. दोन वर्षांपूर्वीचं उत्तर. परीक्षकाला हवं ते. आख्खा वर्ग हसला होता. आपण शहाणपणा करतोय का? एका प्रश्नासाठी जागा घालवायची? तिने गोल खोडला आणि ‘काहीही नाही’ काळं केलं. आयुष्यात पहिल्यांदा ती शहाण्यासारखी गप्प बसली होती.

निकालात ती एका मार्काने राहिली. उत्तरतालिकेत या वर्षी ग्लिसरॉल होतं. ससुली शेवटच्या जागेवर लागली.

ससुली घरी आली ती रडतच. “तू लिहिलं असशीलच म्हणून मी बिनधास्त लिहिलं गं. तूच तर शिकवलंस!”

“हो ना,” तोफ म्हणाली. “छान शिकवलं.” आणि दाराशीच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

आईने एवढंच विचारलं, “येत होतं ना तुला?”

“येत होतं.”

“मग?”

तोफेने उत्तरतालिकेची घडी घातली आणि पुस्तकात सारली.

क्लासच्या दारावर ससुलीचा फोटो लागला. खाली ठळक अक्षरांत : ‘आमच्याकडे पाठांतर नाही, समज!’ आठवड्याने सरांचा फोन आला. आवाजात साय.

“अगं, नवी बॅच सुरू होतेय. तुझं ते पोत्यांचं उदाहरण ससुलीकडून कळलं, मी घेतो आता शिकवताना, मुलांना फार आवडतं. तू शंका सोडवायला येशील का? तुझाही अभ्यास होईल.”

“येईन सर,” तोफ म्हणाली. “पण पहिल्या दिवशी तुम्ही वर्गाला सांगायचं, की उत्तर तुमचं चुकलं होतं आणि मी बरोबर होते.”

“अगं, मी कुठे चुकलो? मी मेदाम्लांबद्दल बोलत होतो. ऐकताना तुझीच गल्लत झाली. आणि गोल कोणी भरला? मी?”

तोफेने तोंड उघडलं. एवढी मोठी तोफ, आणि आत दारूच नव्हती. कारण गोलाबद्दलचं खरं होतं.

“नाही सर,” ती म्हणाली. “मीच.”

“मग सोमवारपासून?”

“नाही,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला. घराजवळच्या कॉलेजाचा प्रवेश सोमवारीच होता.