पाणी मालकाने पुरवायचे

टँकरवाल्याने तिसऱ्यांदा भाव वाढवला त्या दिवशी मी त्याची सगळी बिलं डब्यातून काढून इस्त्रीच्या टेबलावर ओतली आणि नणंदेला म्हटलं, बस, आज याचा सोक्षमोक्ष लावायचा. ती चादरी घडी करत होती. म्हणाली, आधी टेबल पुसून घ्या, ओलं आहे.

ही माझी नणंद म्हणजे अशीच. घराला आग लागली तरी आधी पायपुसणं झटकेल.

आमची लॉन्ड्री हॉस्पिटलच्या चादरींवर चालते. चार मोठी मशिनं, एक बॉयलर, इस्त्रीचा रोलर आणि आम्ही दोघी. नवरा गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं, विकून टाक. मी विकली नाही, आणि नणंदही आपली खोली सोडून माझ्याकडे राहायला आली. रोज एक टँकर लागतो. गेल्या महिन्यात टँकर दोनदा उशिरा आला, चादरी उशिरा गेल्या, आणि हॉस्पिटलच्या स्टोअरच्या साहेबांनी मला समोर बसवून शांतपणे सांगितलं की तिसऱ्यांदा झालं तर काम दुसऱ्याला देऊ. शांतपणे बोलणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटते. ओरडणाऱ्यावर मी ओरडू शकते.

नळाचं पाणी आहे, नाही असं नाही. एक दिवसाआड येतं आणि बराच वेळ वाहतं. पण आमची छतावरची टाकी इवलीशी. ती भरली की चावी बंद. उरलेलं पाणी पाइपातच राहतं, कुणा दुसऱ्याच्या नशिबात.

म्हणून दोन कोटेशनं मागवली होती. एक बोअरवाल्याचं. खोदाई फुटाच्या दराने, वरच्या मातीत घालायचा केसिंग पाइप वेगळा, पंप, केबल, आतला पाइप वेगळा. खाली ठळक अक्षरात: पाणी लागो न लागो, खोदलेल्या फुटांचे पैसे द्यावे लागतील. दुसरं गवंड्याचं, जमिनीखालच्या टाकीचं. खोदाई, लोखंड, काँक्रीट, आतून गळतीरोधक लेप, आणि शेडच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत उतरवायला पन्हळ. त्याच्याही खाली एक ओळ होती: बांधकामासाठी व स्लॅब मुरवण्यासाठी पाणी मालकाने पुरवायचे.

ती ओळ वाचून मी पोट धरून हसले. म्हटलं, बघ, पाणी नाही म्हणून टाकी बांधायची आणि टाकी बांधायला पाणी आम्हीच द्यायचं. नणंद हसली नाही. तिने कागद घडी करून औषधांच्या डब्याखाली ठेवला.

मग आम्ही हिशेब मांडला. टाकी झाली तर नळाचं सगळं पाणी साठेल, पावसाळ्यात पत्र्याचंही, आणि टँकर निम्म्यावर येईल. निम्म्यावर, बंद नाही. खर्च वसूल व्हायला दीड वर्ष. बोअरला पाणी लागलं तर टँकर पार बंद, खर्च सात-आठ महिन्यांत वसूल. वीज धरूनसुद्धा. आणि मुख्य म्हणजे बोअर एका दिवसात होतो. टाकीला खड्डा, सळया, स्लॅब, मग तो स्लॅब मुरेपर्यंत थांबणं, महिना तरी जाणार. महिनाभरात टँकर आणखी एकदा तरी चुकणारच. सांगायला नको, माझं मत कुठे झुकलं होतं.

नणंद मात्र बिलं उलटसुलट करत बसली. पैशांच्या रकान्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ड्रायव्हर बिलावर टँकर भरायला कधी लावला आणि कधी निघाला ते लिहितो, टँकरवाल्याने त्याला तशी सवय लावली होती. ती म्हणाली, वहिनी, हिवाळ्यात टँकर चहा पिऊन होईपर्यंत भरत होता. आता तासाच्या वर लागतोय. मी म्हटलं, ड्रायव्हर चहाबरोबर गप्पाही मारत असेल. ती म्हणाली, एवढ्या गप्पा तर तुम्हीसुद्धा मारत नाही.

टँकरवाला गल्लीच्या टोकाला, स्वतःच्या बोअरवरच टँकर भरतो, हे आम्हाला ठाऊक होतं. पंप पूर्वी मनगटाएवढी धार टाकायचा. आता करंगळीएवढी टाकत असणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणजे माणूस लबाडीने भाव वाढवत नव्हता. त्याचं पाणी संपत होतं. हे कळलं तसं माझं डोकं चालायला लागलं.

"मग तर आजच खोदायला हवं," मी म्हटलं. "त्याचं आटायच्या आत आपलं लागलं पाहिजे."

नणंदेने चादर खाली ठेवली. "वहिनी, जमिनीखाली भिंती नसतात. त्याचं आणि आपलं वेगळं कुठलं?"

मी चिडले. चिडणारच. म्हटलं, तुझ्या तत्त्वज्ञानाने चादरी धुतल्या जाणार आहेत का? साहेब काय म्हणाले ते तू ऐकलं नाहीस, मी ऐकलंय. तिने चादर पुन्हा उचलली. नणंद गप्प बसली की समजायचं, तिचं मत बदललेलं नाही.

दोन दिवसांनी खोदाईचं मशिन आलं. मागच्या अंगणात उभं राहिलं तेव्हा कपडे वाळवायच्या दोऱ्या सोडाव्या लागल्या. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि सगळी गल्ली थरथरायला लागली. खिडक्यांच्या काचा, कपाटातली भांडी, माझे दात. भोकातून करडी धूळ उडत होती, ओल्या चादरींवर बसत होती, आणि त्या पुन्हा धुवाव्या लागणार म्हणून मी मनातल्या मनात शिव्या देत होते. शेजारची खाणावळवाली दारात येऊन उभी राहिली, मग होस्टेलचा चौकीदार, मग सगळेच. सगळे त्या भोकाकडे बघत होते.

दुपारपर्यंत नुसती धूळ. मग धूळ ओलसर झाली, मशिनवाल्याने थोडी मुठीत दाबून पाहिली आणि म्हणाला, ओल आहे, पाणी नाही. टँकरवाल्याचा बोअर तीनशे फूट. आम्ही तिथपर्यंत पोचलो होतो. त्याने मशिन बंद केलं आणि मला विचारलं, थांबू की आणखी खाली जाऊ. पुढच्या प्रत्येक फुटाचे पैसे चढत होते. नणंद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्याकडे मी मुद्दाम पाहिलं नाही.

"त्याच्या खाली जा," मी म्हटलं.

सव्वाचारशेला पाणी लागलं. आधी चिखल, मग गढूळ, मग बऱ्यापैकी स्वच्छ धार. मशिनवाल्याने पाण्याच्या वाटेत खाच पाडलेला पत्रा उभा करून धार मापली आणि दोन इंच पाणी आहे, चांगलं आहे म्हणाला. पण त्याने हेही सांगितलं की हे आजचं माप आहे, हवेच्या जोराने वर आलेलं. रोज उपसलं की किती टिकेल ते पंप चालवल्यावरच कळेल. हे शेवटचं मी अर्ध्या कानानेच ऐकलं. खाणावळवालीने माझा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, बाई माझ्या आनंदात आनंद मानतेय. नंतर कळलं, ती घाबरली होती; तिचं पाणी टँकरवाल्याच्याच बोअरवरून यायचं.

पंप बसला. तो पहिला आठवडा मी कधी विसरणार नाही. मशिनं थांबत नव्हती, चादरी वेळेच्या आधी जात होत्या, साहेबांनी स्टोअरच्या पोरीकडून माझ्यासाठी चहा मागवला. घरी येऊन मी नणंदेला चिडवायची, काय म्हणतात तुझ्या भिंती? ती म्हणायची, अजून तरी गप्प आहेत. टँकरच्या बिलांचा डबा मी रिकामा करून त्यात बटणं भरली.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी टँकरवाला आला. चालत. त्याला टँकरशिवाय मी कधी पाहिलंच नव्हतं; एवढा लहानखुरा माणूस असेल असं वाटलं नव्हतं. आम्ही त्याला आत बसवलं. मी भांडणाची तयारी करून होते, जिभेवर चार वाक्यं घोळवून ठेवली होती. तो भांडला नाही. त्याचा पंप कालपासून हवा ओढतोय, म्हणाला. खाणावळ, होस्टेल, वरच्या मजल्यावरचं म्हातारं जोडपं, सगळ्यांना कालपासून नाही म्हणावं लागलं. रोज एखादा टँकर तुमच्या बोअरवर भरू द्याल का, पैसे देतो.

मी नाही म्हटलं. माझ्या चादरींचं काय? तोंडातून शब्द गेल्यावर लक्षात आलं की उशीर झाल्यावर तोही मला असंच ऐकवायचा, गिऱ्हाईकं पुष्कळ आहेत बाई, कुणाकुणाला देऊ.

त्याने मान हलवली. राग नाही, काही नाही. उठता उठता सहज विचारल्यासारखं विचारलं, "किती फुटांवर लागलं?"

आणि मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं. सव्वाचारशे. नणंदेने आतून भांडं जोरात आपटलं, पण तोवर बोलून झालं होतं.

तो दारातच उभा राहून फोनवर खोदाईवाल्याशी बोलला. माझ्यासमोर. लपवायचं काय त्यात?

"सहाशे धर," तो म्हणाला. "आणि पंप मोठा टाक."

दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या टोकाला कॉम्प्रेसर सुरू झाला. काचा थरथरल्या, भांडी थरथरली. नणंद आणि मी मशिनं लावत राहिलो. त्याला पाणी लागलं. लागणारच. खाणावळीला टँकर मिळाला, होस्टेलला मिळाला, सगळी गल्ली हसली. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू. थोडेच दिवस.

आज सकाळी चारही मशिनं साबणाने भरलेली होती. पहिलं पाणी झालं, खळबळायचं पाणी यायचं होतं. बोअरच्या नळातून धार आली, मग थुंकल्यासारखं झालं, मग नुसता वारा. पंप खाली कुठेतरी घोगऱ्या आवाजात ओरडत होता. मी धावत जाऊन बटण बंद केलं, जळेल म्हणून. चादरी फेसात तशाच. हॉस्पिटलची गाडी दुपारी येणार.

नणंदेने पदराला हात पुसले. औषधांच्या डब्याखालचा कागद काढला, सरळ केला आणि माझ्या हातात दिला. ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी गवंड्याला फोन लावला. म्हटलं, टाकी बांधायची, लगेच बांधायची, दर तोच ठेवा. तो म्हणाला, दर तोच, उद्यापासून खड्डा घेतो, माणसं मोकळीच आहेत. माझा जीव भांड्यात पडला. मी आभार मानत होते तेवढ्यात त्याने विचारलं.

"पाण्याची सोय झालीय ना, ताई? काँक्रीट कालवायला आणि स्लॅबवर रोज मारायला. कागदात लिहिलंय बघा, शेवटच्या ओळीत."

मी कागद पाहिला. नळाच्या पाण्याची इवलीशी टाकी तर चादरींनाच पुरत नव्हती. मग खिडकीतून गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. टँकर भरायला लागला होता. तिथूनही मोठ्या पंपाचा आवाज ऐकू येत होता आणि त्या आवाजाला आजपासून थोडी घरघर होती.

"ताई?" गवंडी म्हणाला. "आहात ना?"