चार टक्के प्रवासी वाढले

कॉलेजातली मुलं अर्थशास्त्राच्या या प्राध्यापिकेला पाठीमागे ‘एक्स-रे’ म्हणत. हे तिच्या कानावर कधीच आलं होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून तिला ते आवडायचंही. घरात दूध नासलं तरी ती आधी सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची. ‘उद्या म्हशीचाही जबाब घेशील,’ असं नवरा म्हणायचा, आणि हे म्हणताना तो नजर का चुकवतो, याचाही तिला संशय यायचा.

त्यामुळे अर्थशास्त्राच्या पेपरातलं कॉपीचं प्रकरण तिच्याकडे आलं, यात नवल नव्हतं. चौकशी करायची दोघांनी: विभागप्रमुख सरांनी आणि तिनं. सर मवाळ माणूस. कुणी रडायला लागलं की खिशातली पेपरमिंटची गोळी पुढे करत आणि मग शांतपणे त्याला नापास करत.

टेबलावर दोन उत्तरपत्रिका होत्या. एक वर्गातल्या उंच मुलीची, दुसरी चष्मेवालीची. परीक्षेत दोघी पुढेमागे बसलेल्या. प्रश्न साधाच होता, सरांनीच काढलेला. शहर बससेवेच्या मागणीची किंमत लवचिकता ०.४ आहे; भाडं दहा टक्क्यांनी वाढवलं तर प्रवासी आणि उत्पन्न यांवर काय परिणाम होईल?

लवचिकता म्हणजे किंमत बदलली की मागणी किती हलते, त्याचं माप. दहाला ०.४ नं गुणायचं, चार आले. म्हणजे प्रवासी चार टक्क्यांनी घटतील. शंभरातले शहाण्णव उरतील, पण ते दहा टक्के जास्त देतील, म्हणून उत्पन्न ५.६ टक्क्यांनी वाढेल. त्या परीक्षाखोलीत बाकी सगळ्यांनी हेच लिहिलं होतं. या दोघींनी मात्र लिहिलं होतं की प्रवासी चार टक्क्यांनी वाढतील आणि उत्पन्न १४.४ टक्क्यांनी वाढेल.

“भाडं वाढलं म्हणून लोक बसवर तुटून पडले!” सर हसले. “एकीला असं सुचलं तर मी समजू शकतो. दोघींना सुचावं?”

“बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं,” ती म्हणाली. “चूक जुळली की समजायचं, कुणीतरी मान वळवली.”

“मग प्रश्नच मिटला. वर्ष रद्द. सही करून टाका, उद्या निकाल लावायचाय.”

दोघींच्या घरी ऑफिसनं आधीच फोन केला होता. उंच मुलीचे वडील चौकशीला आले नाहीत. ‘जे काय असेल ते करा, आमची मान खाली गेलीच आहे,’ एवढंच ते फोनवर म्हणाले होते. मुलीला पुढच्या शिक्षणासाठी दुसरीकडे जागा मिळाली होती, वर्ष गेलं की ती जागाही गेली.

एक्स-रेनं सही केली नाही. दयेपोटी नव्हे. चोर कोण आणि साथीदार कोण, हे ठरल्याशिवाय तिला जेवण गेलं नसतं.

तिनं आधी चष्मेवालीला बोलावलं. पोरगी घामानं चिंब झाली होती, चष्मा सारखा नाकावरून घसरत होता.

“प्रवासी कसे वाढले गं?”

“लवचिकता धन होती, मॅडम. म्हणून.”

“बसभाडं वाढल्यावर तुझ्या घरातलं कोण जास्त बसनं फिरायला लागतं?”

“कुणीच नाही,” ती पुटपुटली. “मलाही विचित्र वाटलं होतं. पण काही वस्तू असतात ना, ज्यांची किंमत वाढली की मागणी वाढते. गिफेन वस्तू. मला वाटलं, प्रश्नात तोच फास लावलाय. म्हणून तसं लिहिलं.”

घोकून आलेलं उत्तर, असं एक्स-रेला वाटलं. मग उंच मुलगी आली. ती रडत नव्हती, चिडलेली होती, आणि चिडलेली माणसं एक्स-रेला रडणाऱ्यांपेक्षा जास्त संशयास्पद वाटत. पण उत्तर तिनंही तेच दिलं: “धन होती, मॅडम.” फक्त गिफेन हा शब्द तिच्या बोलण्यात नव्हता आणि उत्तरपत्रिकेतही नव्हता. चष्मेवालीच्या उत्तरात त्यावर चांगल्या तीन ओळी होत्या. कॉपी करणारी एवढ्या तीन ओळी सोडून देईल? सोडेलही, वेळ नसेल तर. एक्स-रे कुणाला इतक्यात सोडणाऱ्यांतली नव्हती.

ती तडक उत्तरपत्रिकांच्या खोलीत गेली आणि बाकीच्या परीक्षाखोल्यांचे गठ्ठे सोडून बसली. दुसऱ्या मजल्यावरच्या गठ्ठ्यात पुन्हा तेच: प्रवासी वाढतील. जिन्यापलीकडच्या खोलीतल्या गठ्ठ्यात आणखी तिघं. पार टोकाच्या प्रयोगशाळेत बसलेल्यांतही दोघं. तिनं कान टवकारले. भिंतीपलीकडे मान वळवता येत नाही. म्हणजे पेपर फुटला होता!

आणि त्या दोघींसकट ही सगळी मुलं एकाच तुकडीतली निघाली, सकाळच्या; परीक्षेत ती खोल्याखोल्यांत विखुरली होती. त्या तुकडीला सरांनी शिकवलं नव्हतं. तिथे वर्षभर बदली शिक्षिका होती, नवी, तरुण, सगळ्यांशी गोड बोलणारी. गोड बोलणाऱ्यांचं एक्स-रेच्या दरबारी काही खरं नसे. ‘हिनंच उत्तरं वाटली,’ तिनं मनाशी ठरवलं, आणि जिना चढताना अर्ध्यावरच थबकली.

पेपर फोडणारी बाई चुकीचं उत्तर कशाला वाटेल?

सोनं समोर असताना पितळ उचलणारा चोर तिनं कधी ऐकला नव्हता. तिला पहिल्यांदाच स्वतःच्या संशयाचा संशय आला.

बदली शिक्षिका वर्गात फळा पुसत होती. एक्स-रेनं नमस्कारसुद्धा न करता खडू उचलला आणि प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिला.

“सोडवा.”

शिक्षिकेनं वाचलं, पुन्हा वाचलं. “मॅडम, वजा राहिलाय.”

“कुठला वजा?”

“०.४ च्या आधीचा. हे उणे ०.४ असणार. किंमत वर, मागणी खाली, म्हणून उणे. मी मुलांना पहिल्या दिवसापासून सांगते, काही विसरा पण चिन्ह विसरू नका. चिन्ह दिशा सांगतं, आकडा जोर सांगतो. चहा महागला की कॉफीची मागणी वाढते, तिथे धन. चहा महागला की चहाचीच मागणी घटते, तिथे उणे. नुसतं ०.४ दिलं तर माझी मुलं…” ती बोलता बोलता थांबली. “पेपरात असंच छापलं होतं का?”

“असंच,” एक्स-रे म्हणाली. गेली कित्येक वर्षं तीही वजा लिहीत नव्हती. सरांची पद्धत तीच तिची पद्धत: मागणी उलटीच जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, मग दर वेळी ती काडी कशाला मारायची? त्या दोघांच्या मुलांनी ०.४ पाहिलं आणि सवयीनं ‘घटेल’ लिहिलं. सकाळच्या मुलांनी ०.४ पाहिलं आणि छापलं होतं तेच वाचलं. चिन्ह नाही म्हणजे धन, धन म्हणजे एकाच दिशेनं. तिनं तो प्रश्न स्वतःच्या डोळ्यांनी दहा वेळा वाचला होता आणि तिला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. पण लाजेच्या मागोमाग जुनी खोड आलीच: सरांना सहीची इतकी घाई का?

सर ऑफिसात निकालाच्या तयारीत होते. तिनं दार लोटून घेतलं.

“सर, तुमच्या प्रश्नातून वजा गळलाय.”

“गळला नाही, मी काढलाय,” सर शांतपणे म्हणाले. “नुसता आकडा लिहायची रीतच आहे. अर्ध्या जगाची पुस्तकं तशीच लिहितात.”

“रीत आहे, पण तसं पेपरात लिहिलं नव्हतं. ‘चिन्ह वगळलं आहे’ एवढी एक ओळ टाकली असती तर?”

“अहो, उत्तर तपासून पाहिलं होतं मी. लवचिकता एकापेक्षा कमी, म्हणून उत्पन्न वाढणार. चिन्ह असो नसो.”

“तिथेच तर फसलात. उत्पन्न दोन्हीकडे वाढतं. एकीकडे घटलं असतं तर तुम्हाला ठेच लागली असती. इकडे ५.६ नं वाढतं, तिकडे १४.४ नं, पण ‘वाढतं’ एवढंच बघितलं की सगळं आलबेल.”

सरांनी खिशात हात घातला. पेपरमिंटची गोळी निघाली. त्यांनी ती तिच्यापुढे केली. तिनं घेतली नाही.

“जरा मोठ्यानं सोडवून दाखवा,” ती म्हणाली.

“काय पोरखेळ आहे! भाडं दहा टक्के वर. दहा गुणिले ०.४, चार. प्रवासी चार टक्के खाली.”

“खाली कुठून आलं?”

“म्हणजे?”

“कागदावर ‘खाली’ कुठे आहे? बोट ठेवा.”

सरांचं बोट प्रश्नावरून एकदा फिरलं, आणखी एकदा फिरलं. मग ते चिडून म्हणाले, “डोक्यात आहे माझ्या!”

“आणि ते डोकं मुलींनी परीक्षेला आत नेलं असतं, तर तीही कॉपीच झाली असती ना?”

गोळी सरांनी स्वतःच्याच तोंडात टाकली. मग वर्ष रद्द करण्याचा कागद त्यांनी उभा-आडवा फाडला. “सकाळच्या सगळ्या तुकडीला त्या प्रश्नाचे गुण द्या,” ते म्हणाले. “चूक माझ्या नावावर टाका.”

मुली व्हरांड्यात उभ्या होत्या. एक्स-रेनं त्यांना सगळं सांगितलं: वजा, रीत, दोन तुकड्या. “उत्तर चुकलंच आहे तुमचं,” हेही ठासून सांगायला ती विसरली नाही. “इतकं विचित्र वाटलं होतं तर खाली एक ओळ लिहायची, की चिन्ह उणे असावं. पण चोरी तुम्ही केलेली नाही.”

चष्मेवालीनं चष्मा काढला आणि हमसून हमसून रडली. उंच मुलगी तशीच उभी राहिली.

“गुण राहू देत, मॅडम. बाबांना फोन कराल? ते माझ्याशी बोलत नाहीत. मी सांगून त्यांना पटणार नाही.”

एक्स-रेनं तिथेच फोन लावला. प्रश्न आमच्याकडून चुकला होता, मुलीचा काही दोष नाही, निकाल उद्या लागेल, असं तिनं स्वच्छ शब्दांत सांगितलं.

“तुम्ही मोठ्या मनाच्या आहात, मॅडम,” वडील म्हणाले. “सांभाळून घेताय तिला. कळतं मला.”

“सांभाळून घेत नाहीये. तिनं काही केलेलंच नाही.”

“असेल. पण आग असल्याशिवाय धूर निघतो का? इतक्या पोरींत हिलाच बरं बोलावलं तुम्ही?”

हा प्रश्न एक्स-रेनं आयुष्यभर लोकांना विचारला होता, थेट याच आवाजात. समोर ती उंच मुलगी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती, पलीकडे वडील काय म्हणतायत ते तिथून वाचत होती.

“मीच बोलावलं, कारण माझी नजर वाईट आहे,” एक्स-रे म्हणाली. “तुम्ही आहात तिथेच थांबा. मी तिला घेऊन तुमच्या घरी येते, आणि तुमच्या समोर तिची माफी मागते.”