दोन स्टेटसमध्ये बसवलेलं प्रवचन

आप्पांच्या घशाची गाठ काढायची तर आवाजाची पेटीही जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. उभा जन्म प्रवचनात गेलेला माणूस. पण आप्पांनी कुरकुर केली नाही. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी खुर्चीत बसून त्यांनी थोरल्या लेकीला मोबाइल धरायला लावला आणि शेवटचं काय ते बोलून घेतलं. पावणेतीन मिनिटं. एरवी आप्पांना नुसता घसा खाकरायला तेवढा वेळ लागायचा.

"मी आत जायच्या आधी सगळीकडे सोड," ते म्हणाले. "त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे."

तो म्हणजे धाकटा मुलगा. देव मानत नाही म्हणाला आणि घराबाहेर पडला, तेव्हा आप्पांनी भरसभेत त्याचे वाभाडे काढले होते. त्यानंतर त्याने बापाचं तोंड पाहिलं नव्हतं. बहिणीचं व्हॉट्सॲप स्टेटस मात्र तो न चुकता बघायचा. बाकी यूट्यूब, इन्स्टाग्राम त्याच्या गावीही नव्हतं.

"त्याला एकट्यालाच पाठवू का?" थोरलीने विचारलं.

"नाही. चारचौघांत बोललो होतो, चारचौघांतच परत घेणार."

म्हातारा तत्त्वाचा पक्का. तत्त्वापायी घर मोडलं तरी चालेल, अशी त्याची जात.

थोरली नवऱ्याजवळ कॉम्प्युटरसमोर बसली. तो लग्नांचे व्हिडिओ करायचा, त्यामुळे रडारड कुठे कापावी हे त्याला चांगलं कळत होतं. यूट्यूबच्या शॉर्ट्सला तीन मिनिटं चालतात, तिथे अख्खं प्रवचन गेलं. इन्स्टाग्रामच्या रीललाही तेवढं चाललं असतं, पण लोकांचा अंगठा थांबत नाही. म्हणून त्याने आप्पांचं शेवटचं वाक्य उचलून सुरुवातीला आणलं आणि सगळं सव्वा मिनिटात आवळून तेही चढवलं. आप्पांचे शब्द चित्रावर खाली लिहिले होते, ते रीलमध्ये खात्याच्या नावाखाली झाकले जातात, म्हणून तेही आधीच वर सरकवले होते. राहिलं स्टेटस. तिथे एका वेळी दीडच मिनिट.

"स्टेटसलाही रीलच टाक की," नवरा म्हणाला. "एकात बसतंय."

"नको. त्याला वाटेल, बहिणीने कापून जोडून बापाला गोड केलं. आप्पा बोलले तसंच जाऊ दे. दोन तुकडे करू, एकामागे एक."

"मग कापू कुठे?"

"पाणी प्यायला थांबलेत ना, तिथे."

जागा अगदी योग्य होती. वाक्य पुरं होत होतं, श्वास सुटत होता. कुठल्याही जाणकाराने तिथेच कात्री चालवली असती.

संध्याकाळी दवाखान्यात, आप्पांच्या खाटेशी उभी राहून तिने पहिला तुकडा टाकला. दुसरा निवडत होती तोच आप्पांना ढास लागली आणि श्वासच अडकला. नर्स धावली, पडदा ओढला गेला, ऑपरेशन आत्ताच करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. थोरलीने मोबाइल पिशवीत कोंबला. कुठल्या कागदावर सह्या केल्या, कुणाचा हात धरला, तिचं तिला आठवत नव्हतं. स्टेटस तर पार डोक्यातून गेलं.

आप्पा वाचले. आवाज गेला. तेव्हा कुठे तिने मोबाइल काढला. बघणाऱ्यांत धाकट्याचं नाव होतं. दुसरा तुकडा अजून टाकलेलाच नव्हता. तिने पहिला तुकडा लावून पाहिला, धाकटा होऊन.

चौकटभर आप्पांचा ओढलेला चेहरा, शब्दाशब्दाला दम घेणारा. "जो बापाचं घर सोडतो, त्याला देवाच्या दारात जागा नाही. हे मी भरसभेत बोललो होतो. कुणाला उद्देशून, ते तुम्हाला माहीत आहे. उद्या माझा आवाज जाणार. म्हणून आज पुन्हा त्याच विषयावर बोलतोय, शेवटचं." मग पेल्याकडे गेलेला हात. संपलं.

पुढचं सगळं दुसऱ्या तुकड्यात होतं. चुकलो मी. देवाला दार नसतं रे, दार माझं होतं. पोरा, ये.

तिने तो टाकला. मग अख्खा व्हिडिओ त्याला वेगळा पाठवला, तत्त्व गेलं खड्ड्यात. एकच टिक आली. त्याचा फोटो गेला होता. फोन लागेना, नवऱ्याच्या मोबाइलवरूनही. त्याने दोघांनाही ब्लॉक केलं होतं.

"मी म्हणालो होतो," असं नवरा म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. रीलखाली मात्र हात जोडलेल्यांची रांग लागली होती. पोरगं आलं का हो, असं लोक विचारत होते.

दुसऱ्या दिवशी आप्पा शुद्धीवर आले. गळ्याला नळी, ओठ कोरडे. त्यांनी बोटाने मोबाइल दाखवला, मग भुवया उंचावल्या. बघितलं का त्याने?

थोरलीला खोटं बोलायचीही गरज पडली नाही. "बघितलं, आप्पा. सगळ्यांच्या आधी."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की तिला तो बघवेना. त्याने तिचा हात दाबला आणि खाटेजवळच्या खुर्चीकडे खूण केली. खुर्चीवर तिची पिशवी होती. ती उचल, म्हणत होता. खुर्ची त्याच्यासाठी रिकामी ठेव.

तिने पिशवी उचलली आणि ती उभीच राहिली.