जेवणानंतरचे दोन तास

संध्याकाळी वाचनालय बंद झालं की तिघं समोरच्या अमृततुल्यमध्ये बसत. श्यामराव कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, दिगंबरराव बँकेतून, आणि मंदाकिनीबाई मुलींच्या शाळेतून. तिथे त्या गणित शिकवायच्या. दिगंबररावांची बायको आणि मंदाकिनीबाईंचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले होते. श्यामरावांनी लग्न केलंच नव्हतं. कुणी कारण विचारलं तर ते राहून गेलं असं म्हणत, आणि ते खरंही होतं.

त्या दिवशी दिगंबररावांनी खिशातून घडी घातलेला गुळगुळीत कागद काढला.

"शौनकने पाठवलंय," ते म्हणाले. शौनक म्हणजे त्यांचा हिंजवडीत काम करणारा मुलगा. "वार्षिक आरोग्य तपासणी. सदुसष्ट चाचण्या. घरी येऊन रक्त घेऊन जातात."

"सदुसष्ट?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मग आपल्यात उरतं काय?"

"नळ्या तीन-चारच असतात," श्यामराव कपाकडे बघत म्हणाले. "एका रक्तगणनेतलेच वीस-बावीस आकडे ते वेगवेगळे मोजतात. चरबीचे आठ, यकृताचे दहा..."

"बाई, मुद्द्याचं ऐका," दिगंबरराव म्हणाले. "पॅकेज दोघांचं आहे. मुख्य सभासद मी, जोडीला घरचं आणखी एक माणूस. ती जागा शौनकच्या सासूबाईंसाठी होती, पण त्या धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेल्या. नाव अजून दिलेलं नाही. आणि मुदत महिनाअखेर संपते. एकदा संपली की गेलं, वाढवून देत नाहीत."

"मग?"

"मग तुम्ही या. अट एवढीच की दोघांचं रक्त एकाच पत्त्यावर, एकाच फेरीत. रविवारी सकाळी साडेसहाला आमच्याकडे या. रक्त दिलं की पोहे. पोह्यांनंतर दोन तासांनी साखरेसाठी पुन्हा थोडं द्यायचं. तोवर रमी खेळू."

मंदाकिनीबाईंनी क्षणभर हिशेब केल्यासारखं वर पाहिलं. "चालेल," त्या म्हणाल्या. "आईला साखर होती. मलाही बघून घ्यायचीच होती."

"ठरलं तर मग, मंदाकिनी."

श्यामरावांचा कप बशीवर जरा जोरात टेकला. अख्ख्या पेठेत मंदाकिनीबाईंना सगळे बाई म्हणत. श्यामराव मनातल्या मनातसुद्धा बाईच म्हणत.

"श्याम, तुलाच विचारणार होतो," दिगंबरराव म्हणाले, "पण तुझ्यात रक्त सापडायला वेळ लागेल."

बाई हसल्या. फार नाही, पण हसल्या.

"मी जरा बघू का?" श्यामरावांनी कागदाकडे हात केला.

"घे. तुला काहीतरी वाचायला लागतंच."

घरी जाऊन श्यामरावांनी तो कागद दिव्याखाली धरला आणि तळटीपांपासून सुरुवात केली. पण ओळींवर लक्ष ठरेना. रक्ताचं त्यांना काही वाटत नव्हतं. रक्त घ्यायला पाच मिनिटं. त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते नंतरचे दोन तास. बाई दिगंबरच्या टेबलाशी बसून पोहे खाणार, लिंबू पिळणार, पानं पिसणार. गेली दोन वर्षं दर शनिवारी श्यामराव बाईंसाठी पुस्तक निवडत होते, आणि एकदा त्यांना नाश्त्याला बोलवावं असं प्रत्येक शनिवारी ठरवत होते. बोलवायला काही निमित्त हवं. दिगंबरला त्याच्या मुलाने निमित्त पाकिटात घालून पाठवलं होतं.

तळटीप सहा वाचून ते सरळ बसले. घरी येणारा माणूस एकदाच येणार होता. जेवणानंतरचा नमुना त्याच दिवशी केंद्रावर जाऊन द्यायचा. नाही दिला तर ती चाचणी बाद. म्हणजे दिगंबरने नीट वाचलंच नव्हतं. केंद्र शनिवार पेठेत होतं, आणि दिगंबरचा गुडघा तर दोन महिन्यांपासून घराबाहेर वाचनालयापलीकडे जात नव्हता.

हे बाईंना सांगायला हवं होतं. श्यामरावांनी फोन उचलला आणि ठेवला. सांगितलं तर त्या येणार नाहीत म्हणतील का? आणि मग त्यांना वाटेल का, की याने मुद्दाम सांगितलं? मुद्दामच सांगितलं असतं. त्यांनी सांगितलं नाही, आणि गप्प राहण्यातही मुद्दामच काहीतरी होतं, हे त्यांना पुरतं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅबच्या नंबरवर फोन लावला.

"एकट्याचं पॅकेज हवंय सर, की फॅमिली?" पलीकडच्या मुलीने विचारलं. "फॅमिलीत एका पत्त्यावर आणखी तीन मेंबर ॲड करता येतात."

"तीन नकोत. एक."

"मेंबरचं नाव?"

श्यामरावांनी नाव सांगितलं. आपल्या तोंडून ते बाईशिवाय निघालं म्हणून ते थोडे दचकले.

"आणि नातं सर? स्पाउस, मदर, सिस्टर?"

"दुसरं काही नाही का त्यात?"

"अदर आहे सर. अदर टाकू?"

"नको," ते म्हणाले. "मी नंतर करतो." आणि फोन ठेवला. दिगंबरने काय टाकलं असेल, हा विचार दिवसभर डोक्यातून जाईना.

शनिवारी मात्र त्यांना धीर आला. कागदावर लिहिलं होतं की थायरॉईडची रोजची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. बाई ती गोळी उठल्याबरोबर घेतात, हे त्यांना माहीत होतं. असल्या गोष्टी दिगंबरच्या लक्षात राहत नाहीत. त्यांनी संध्याकाळी फोन केला.

"उद्याची गोळी सकाळी घेऊ नका. रक्त दिल्यावर घ्या."

"हो, दिगंबररावांनी मघाशीच सांगितलं," बाई म्हणाल्या. "दोनदा फोन केला त्यांनी. दहा-बारा तास काही खायचं नाही, पाणी चालेल, तेही सांगितलं. तुम्ही कसे आहात?"

"बरा आहे."

"आवाज का असा?"

"मी आत्ताच जेवलो," श्यामराव म्हणाले.

आणि मग त्यांनी रात्री काही खाल्लं नाही. रोजचं झोपताना घ्यायचं दूधही घेतलं नाही. बाई उपाशी असताना दूध प्यावंसं वाटेना. यात काही अर्थ नाही हे त्यांना कळत होतं. पण कपाट उघडून पातेल्याकडे बघितलं आणि कपाट लावून टाकलं.

रविवारी सव्वासहाला ते दिगंबररावांच्या दारात उभे राहिले.

"हे पत्रक द्यायचं राहिलं होतं."

"ते द्यायला या वेळी आलास?" दिगंबररावांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्यांनी स्वतः इस्त्रीचा झब्बा घातला होता, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर पत्त्यांचा जोड काढून ठेवला होता. "ये. आला आहेसच तर बस."

बाई आल्या, मागोमाग लॅबची मुलगी आली. खांद्याला बर्फाची पेटी, गळ्यात ओळखपत्र. त्यावर नाव पूर्णिमा. तिने दोघांना विचारलं, रात्री किती वाजता जेवलात, पाण्याशिवाय काही घेतलंय का. मग नाव आणि वय विचारून नळ्यांवर चिकटपट्ट्या लावल्या, त्या दोघांना दाखवल्या.

"सदुसष्ट," बाई हळूच म्हणाल्या.

"चाचण्याही सदुसष्ट," दिगंबरराव म्हणाले.

श्यामरावांना बाईंचं वय दोन वर्षांत विचारता आलं नव्हतं. आता ते त्यांना कळलं, आणि दिगंबरलाही त्याच क्षणी कळलं.

पूर्णिमाने बाईंच्या दंडाला पट्टा बांधला. सुई गेली तेव्हा बाईंनी मान वळवली, ती श्यामरावांच्या बाजूला. दिगंबर दुसऱ्या बाजूला होता. श्यामरावांनी ते लगेच टिपलं, आणि मग आपण काय टिपतोय याची त्यांना लाज वाटली.

काम संपल्यावर पूर्णिमाने त्यांच्याकडे पाहिलं. "काका, तुमचंही आहे का? माझ्याकडे दोनच नावं आहेत."

"नाही. माझं काही नाही."

"मग पाणी प्या जरा. चेहरा उतरलाय तुमचा."

बाईंनी हातावरचा कापूस दाबून धरत विचारलं, "चहा घेतला नाहीत तुम्ही? पाचला लागतो ना तुम्हाला?"

"आज राहिला."

"आणि काल जेवलात केव्हा?"

"साडेसातला."

"त्यानंतर?"

"पाणी," श्यामराव म्हणाले. "पाणी चालतं. पत्रकात लिहिलंय."

पूर्णिमा पेटीचं झाकण लावत होती, ते दोनदा लागलं नाही.

"याचंही रक्त घ्या हो," दिगंबरराव शेवटी म्हणाले. "उपास फुकट चाललाय." पण विनोदाला त्यांचा नेहमीचा जोर नव्हता. ते बाईंकडे बघत होते, आणि बाई श्यामरावांकडे.

निघताना पूर्णिमा म्हणाली, "जेवणानंतरचं सॅम्पल सेंटरवर द्या हं. पहिला घास खाल्ल्यापासून दोन तास मोजा, मध्ये दुसरं काही खाऊ नका."

"सेंटरवर?" दिगंबरराव म्हणाले. "तुम्ही येणार नाही?"

"या पॅकेजमध्ये एकच व्हिजिट आहे काका. पत्रकात आहे."

ती गेली. बाई श्यामरावांकडे वळल्या. "तुम्ही वाचलं होतं."

"हो."

"आणि सांगितलं नाहीत."

"नाही."

"का?"

श्यामरावांनी उत्तर शोधलं. चांगली उत्तरं दोन-तीन सापडली. "मला आवडलं नव्हतं," ते म्हणाले, "तुम्ही इथे येणं."

दिगंबरराव उठून पोहे आणायला आत गेले. आत जाताना गुडघा जरा जास्तच धरला.

पोहे तिघांनी खाल्ले. रमी झाली नाही. दिगंबररावांनी एकदा पत्ते पिसले आणि ठेवून दिले. "माझी जेवणानंतरची साखर राहू दे," ते म्हणाले. "तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी आहेच त्यात. हा गुडघा घेऊन कोण जातंय शनिवार पेठेत." मग थोडं थांबून, "श्याम, बाईंना सोडून ये." तेही पुन्हा बाई म्हणाले.

रस्त्यात दोघं हळू चालले. केंद्रावर बाईंनी दुसरा हात पुढे केला, दोन मिनिटांत काम झालं. बाहेर पायरीवर त्या कोपर दुमडून उभ्या राहिल्या.

"दिगंबररावांचं वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी मनापासून बोलावलं होतं."

"हो."

"पुढच्या वर्षी पॅकेज तुम्ही घ्या. पत्ता माझा द्या. नाश्ता मी करते."

श्यामरावांनी मान हलवली.

"मग त्यांनाही बोलवू," बाई म्हणाल्या. "माझ्या घराला जिना नाही, त्यांना जमेल. त्यात तिसऱ्याचं नाव घालता येतं का हो?"

फोनवरची मुलगी श्यामरावांना स्पष्ट आठवत होती. आणखी तीन, एकाच पत्त्यावर.

"नक्की आठवत नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला? आठवत नाही?"

"बघायला लागेल," श्यामराव म्हणाले, आणि रस्ता ओलांडण्यासाठी डावीकडे, उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे नीट बघत राहिले.