माप न घेतलेला गणवेश

मथुरामावशी दुकानात आली तेव्हा तिच्या एका हातात मोबाईल होता आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. पुड्यात दोनच पेढे उरले होते, म्हणजे बाकीचे गल्लीत वाटून झाले होते. माझं दुकान झेरॉक्सचं. ऑनलाइन फॉर्मही भरून देते. पेढे घेऊन माझ्याकडे फारसं कुणी येत नाही.

"उत्कर्षा, आभिमन्यूला नोकरी लागली," ती म्हणाली. "इमानतळावर. हे कागद काढ आन् त्याला पक्कं प्लॅस्टिक मारून दे. देवाम्होरं ठेवायचंय."

अभिमन्यू तिचा मुलगा. आयटीआय होऊन दोन वर्षं झाली, अजून कुठं चिकटलेला नाही. मावशी घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवते. ठेकेदार कापलेलं कापड आणून टाकतो, शिवलेला माल उचलतो आणि शनिवारी नगावर मजुरी देतो. त्या मशीनवर तिनं घर चालवलं आणि पोराला शिकवलं.

मी पत्र उघडलं. वर इंग्रजी, खाली त्याचंच मराठी. 'प्रिय उमेदवार, तुमची निवड आनंदाने घडून आली आहे. तुम्ही जमीन कर्मचारी म्हणून सामील व्हाल.' 'ग्राउंड स्टाफ'चं असलं भाषांतर माणूस करत नाही, कॉम्प्युटर करतो. पगार बेचाळीस हजार, सोमवारी हजर व्हायचं. गणवेश आणि ओळखपत्राचं शुल्क नऊ हजार आठशे, पहिल्या पगारासोबत परत. आज संध्याकाळी पाचच्या आत भरायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि शेवटी, 'कृपया विमानतळ कार्यालयात चौकशी करू नये, निवड गोपनीय आहे.'

"मावशी, पैसे भरलेस का?"

"न्हाय अजून. चार वाजता मशीन बघायला गिऱ्हाईक येणार हाय. इकलं की भरते."

घड्याळात सव्वादोन झाले होते. मला राग आला. मावशीचा आला, त्याहून जास्त त्या पेढ्यांचा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. पण रागावून बोललं की माणूस ऐकायचं थांबतं, हे दुकानात बसून शिकले आहे. मी तिला स्टूल दिलं.

"अभिमन्यूनं अर्ज कुठं केला होता?"

"मोबाईलवर जाहिरात आली व्हती. नाव आन् नंबर टाकला."

"मुलाखत?"

"फोनवर बोलला की साहेब. लई गोड बोलला."

"मावशी, चाळीस हजारांच्या नोकरीसाठी लोक परीक्षा देतात, रांगा लावतात. याला दोन मिनिटांच्या फोनवर घेतलं?"

"नशीब असतंय एकेकाचं."

मी पैसे भरायचा क्यूआर तिच्यासमोर स्कॅन केला. कंपनीचं नाव यायला हवं होतं, आलं कुणा एका माणसाचं. "कंपनीची फी असल्या खाजगी खात्यात का जाईल?"

"हिशेबनीस असंल त्यांचा."

"कंपनीचा ईमेलही आपण फुकटात काढतो तसलाच आहे."

"आता तुलाच सगळं कळतंय."

"ते चौकशी करू नका म्हणतात ते का? खऱ्या नोकरीला विचारलेलं का खुपेल?"

गोपनीय हाय म्हणत्यात ना, असं ती म्हणाली. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे उत्तर होतं, कारण तिला उत्तर हवं होतं. शुल्काचंही तिला काही वाटलं नव्हतं. ठेकेदार मजुरीतून कधी सुईदोऱ्याचे कापतो, कधी वाकड्या शिलाईचे. पैसे देणारा काहीतरी कापणारच, हे तिच्या अंगवळणी पडलेलं.

"ठेकेदार कापतो तो काम झाल्यावर, तुझ्याच मजुरीतून," मी म्हणाले. "काम द्यायच्या आधी तुझ्याकडून मागितलेत कधी?"

"न्हाय. पर ह्यो गणवेशाचा पैसा हाय. ते शिवून देणार हायेत की."

ती थांबली. मोबाईल माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि मराठी भाग सावकाश, ओठ हलवत वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"माप कुटं घेतलंय?" ती म्हणाली.

हे मला सुचलं नव्हतं.

"शाळेतल्या पोराचा सदरा घेताना बी नंबर इचारत्यात. चौतीस का छत्तीस. आभिमन्यूची छाती, उंची, कंबर कुणी इचारलं न्हाय. आज पैसं भरा म्हणत्यात, सोमवारी हजर व्हा म्हणत्यात, आन् कापड कुणाच्या मापानं कापलं?" तिनं चष्मा काढला. "गणवेशच न्हाय, उत्कर्षा. कुटंच न्हाय."

मग ती रडली. आवाज न करता, पदर तोंडाला लावून. मला फार वाईट वाटलं, आणि मघाच्या रागाची लाज वाटली.

"मशीन वाचलं," मी म्हणाले.

"मशीनचं न्हाय गं. सात घरी पेढं दिलंत. आता काय त्वांड दाखवू? भरून टाकावं वाटतंय. पंधरा दिस तरी लोक गप बसतील."

ती हे खरंच म्हणत होती. दहा हजारांत पंधरा दिवसांचं नाक. नंतर पुन्हा फोन येईल, मेडिकलचे भरा, प्रशिक्षणाचे भरा, आणि विकायला मशीनही नसेल. मी एवढंच सांगितलं. आज नाही म्हणालीस तर खोटं त्यांचं ठरतं, भरलेस तर तुझंही.

तिनं उरलेल्या दोन पेढ्यांचा पुडा बांधला. मग उठली. "गिऱ्हाइकाला फोन लाव. मशीन इकायचं न्हाय म्हन. मी जाऊन येते."

"कुठं?"

"पेढं दिलं तितंच."

तासाभरानं परत आली ती शरणम्माला घेऊन. शरणम्मा मावशीच्या गल्लीतली, विड्या वळणारी बाई. मावशी प्रत्येक घरी दारात उभी राहून म्हणाली होती, सकाळचा पेढा इसरा, आमाला फशीवत व्हते. बाकीच्या घरी लोक हळहळले, एक जण हसला. शरणम्मा मात्र आत जाऊन मोबाईल घेऊन आली. तेच पत्र, नाव तिच्या मुलीचं, सिद्धेश्वरीचं. शरणम्मानं आज सकाळीच पैसे भरले होते आणि नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"पेढे आलं सकाळी, तवाच सांगायला पायजे होतं," शरणम्मा म्हणाली. "गोपनीय लिवलं होतं म्हणून दार लावून बसले."

मी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावला. त्यांनी वेळ, बँकेचं नाव, व्यवहाराचा नंबर विचारला. शरणम्माच्या मोबाईलवरून मीच वाचून सांगितलं. तक्रारीचा क्रमांक मिळाला. पैसे समोरच्या खात्यात अजून असतील तर अडवता येतील, एवढंच ते म्हणाले. मिळतीलच, असं कुणी म्हणालं नाही आणि मीही म्हणाले नाही. मावशीनं उरलेल्या पेढ्यांतला एक शरणम्माच्या हातावर ठेवला. तिनं तो खाल्ला नाही, धरून बसली.

जायच्या आधी मावशीनं माझ्यापुढे मोबाईल सरकवला.

"ते कागद काढ. प्लॅस्टिक मार."

"आता कशाला?"

"हितं भिंतीला लाव. फारम भरायला येणाऱ्या परतेकानं वाचलं पायजे."

मी पत्र छापलं. अभिमन्यूच्या नावावर काळी पट्टी मारायला मार्कर उघडला, तर तिनं माझा हात धरला.

"राहू दे नाव," ती म्हणाली. "नाव बघितलं की इचारत्यात, काय झालं म्हनून. मग सांगता येतंय."