उडवलेल्या ओळी

रागिणी अमरावतीला कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला होती, पण जीव मोर्शीतच अडकलेला. म्हणून शेजारच्या तानुबाईंच्या बचत गटाचा तीन वर्षांचा हिशेब तिने फुकटात करून द्यायचं कबूल केलं. बँकेच्या स्टेटमेंटच्या चौदा पानांचे तिने फोनवर फोटो काढून आणले.

फोटोंतला मजकूर लॅपटॉपवरच्या प्रोग्रामने वाचला खरा, पण दर पानावर तेच बँकेचं नाव, तोच पत्ता, रकान्यांची तीच नावं, खाली ‘पान ३/१४’. हा पसारा काढून फक्त व्यवहारांच्या ओळी ठेवायच्या होत्या. रागिणी बाईसाहेबांनी शक्कल लढवली: तीनहून जास्त पानांवर येणारी ओळ उडवायची. पानांचे आकडे बदलतात, तेव्हा ओळी ताडून पाहताना आकड्यांकडे बघायचंच नाही. दहा मिनिटांत यादी चकाचक झाली. मग स्वतःवर बेहद्द खूश होऊन तिने गटाच्या अध्यक्ष मंजुषाताईंना कळवलं की दरमहा गोळा होणारे तीन हजार बँकेत भरलेलेच नाहीत. एकूण एक लाख आठ हजार. भरणा करायला जायच्या तानुबाई.

रविवारी गटाच्या बैठकीत कुजबुज चालली होती. तानुबाईंनी गळ्यातल्या दोऱ्यातून गटाच्या पैशांच्या पेटीची किल्ली काढली, सतरंजीवर ठेवली आणि मान खाली घातली.

“दाखव बाई साऱ्यायले,” मंजुषाताई म्हणाल्या.

रागिणीने लॅपटॉपवर यादी उघडली आणि तिची नजर शिल्लकेच्या रकान्यावर अडकली. एका ओळीत शिल्लक ४१,२००. पुढच्या ओळीत एका सभासदाच्या कर्जाचा पाचशेचा हप्ता जमा, आणि शिल्लक एकदम ४४,७००. मधले तीन हजार आले कुठून? तिने त्या पानाचा मूळ फोटो उघडला. दोन ओळींच्या मध्ये स्वच्छ छापलं होतं: ‘रोख जमा, तानुबाई, ३,०००’. पुढच्या पानावरही तेच, त्याच्या पुढच्याही. तारीख आणि शिल्लक सोडली तर अक्षर न अक्षर सारखं. प्रोग्रामने बँकेच्या पत्त्यासोबत तानुबाईंचा भरणाही झाडून टाकला होता.

बँकेची चूक आहे म्हणून सुटता येईल, असं क्षणभर तिच्या मनात आलं. त्या विचाराची तिला चुकीहूनही जास्त लाज वाटली.

“पैसे भरले हायेत, सारेच,” ती म्हणाली. “त्या ओळी मीच उडवल्या. शिल्लक जुळवून पायली असती, तं तवाच समजलं असतं. मावशी, माफ करा मले.”

तानुबाईंनी किल्लीला हात लावला नाही. पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढून त्यांनी सोडली. आत सोन्याच्या दोन पाटल्या होत्या.

“मले वाटलं, तू शिकलेली पोरगी, तुयी मशीन कायले खोटं बोलन? मीच कुठं भराचे इसरली असीन,” त्या म्हणाल्या. “ह्या आज तुयाच हातात देणार होती मी.”